गल्फमधून गावी येणारा पैसा आणि त्यावरचा कर

परदेशात कामाला गेलेला माणूस घरी पैसे पाठवतो, तेव्हा त्यावर तीन ठिकाणी कर बसू शकतो: कमाईच्या देशात पगारावर, पाठवताना रकमेवर, आणि मायदेशी पोहोचल्यावर. आखातातून कोकणात येणारा पैसा या तिन्ही ठिकाणांहून बहुतेक वेळा करमुक्तच जातो. अडचण येते ती पुढे. पैसा कोणाच्या नावावर आणि कसल्या खात्यात ठेवला, यावर त्याचे करातले भवितव्य ठरते.

संयुक्त अरब अमिरातीत वैयक्तिक पगारावर आयकर नाही. शारजात एसी दुरुस्ती करणाऱ्या खेड तालुक्यातल्या एखाद्या कामगाराच्या हाती त्यामुळे पूर्ण पगार पडतो. एक्स्चेंजच्या काउंटरवर तो पैसे भरतो, तेव्हा पाठवणीचे शुल्क आणि त्या शुल्कावर ५ टक्के व्हॅट त्याला द्यावा लागतो. हा व्हॅट केवळ शुल्कावर असतो, मूळ रकमेवर नाही. रकमेवरच कर बसवण्याचे प्रस्ताव आखाती देशांत अधूनमधून येतात. कुवेतच्या संसदेत २०१८ मध्ये असाच एक प्रस्ताव चर्चेत होता, पण त्याचा कायदा झाला नाही. असा कर लागला तर कामगार हुंडीकडे वळतात आणि सरकारच्या हाती कर येत नाही, हिशेबही राहत नाही, हा त्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप आहे.

अमेरिकेने मात्र हा कर प्रत्यक्षात आणला. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाठवण्याच्या रकमेवर १ टक्का कर आहे. सुरुवातीच्या मसुद्यात तो ५ टक्के होता, आणि नागरिक नसलेल्यांकडूनच घ्यायचा होता. अंतिम कायद्यात नागरिकत्वाची अट गेली आणि त्याऐवजी पैसे कसे भरले हे महत्त्वाचे ठरले. रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा बँकेचा धनादेश काउंटरवर देऊन पैसे पाठवले तर कर लागतो. अमेरिकी बँकेच्या खात्यातून किंवा तिथल्या कार्डावरून पाठवले तर लागत नाही. ५०० डॉलर रोख भरणाऱ्याला कंपनीच्या शुल्काव्यतिरिक्त ५ डॉलर द्यावे लागतात. पुण्याहून गेलेला संगणक अभियंता खात्यातूनच पैसे पाठवतो, त्याला या कराची झळ बसत नाही. ज्याच्याकडे कागदपत्रे नाहीत, म्हणून बँक खातेही नाही, अशा मजुराला ती बसते. अन्याय असेल तर तो इथे आहे, कारण करातून सुटण्याची वाट सर्वांत कमी कमावणाऱ्यालाच बंद आहे.

भारतात पहिला प्रश्न पैसा आला की नाही हा नसतो. पाठवणारा त्या आर्थिक वर्षात निवासी होता की अनिवासी, हे आधी पाहिले जाते. अनिवासी माणसाची परदेशातली कमाई भारतात करपात्र नाही, आणि ती नंतर इथल्या खात्यात आली म्हणून करपात्र होतही नाही. नोकरीसाठी देश सोडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो अनिवासी. १ एप्रिलपासून मोजले तर १८२ वा दिवस २९ सप्टेंबरला येतो. त्यामुळे १५ सप्टेंबरला विमानात बसलेला माणूस त्या वर्षी अनिवासी ठरतो. १५ ऑक्टोबरला गेलेला मात्र निवासीच राहतो आणि मार्चपर्यंतचा त्याचा दुबईतला पगार भारतातल्या उत्पन्नात धरला जातो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत निवासी व्यक्तीला १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करमाफी असल्याने साध्या कामगाराला यातून सहसा कर भरावा लागत नाही. मोठ्या पगाराच्या अभियंत्याला लागू शकतो. दुबईत कर भरलेलाच नसल्याने त्याला वजावटही मिळत नाही. एका महिन्याच्या फरकाने एवढा फेर पडतो, हे तिकीट काढताना फार थोड्यांच्या ध्यानात येते.

घरी पोहोचलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भेट असते. नातेवाइकाकडून मिळालेली भेट, कितीही मोठी असली तरी, करमुक्त असते. इतरांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून अधिक मिळाले तर सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. नातेवाईक कोण हे कायदा घेणाऱ्याच्या बाजूने पाहतो. पती, पत्नी, आईवडील, मुले, भाऊ, बहीण हे त्यात येतात, तसेच आईवडिलांचे भाऊ-बहीणही येतात. म्हणून काकाने पुतण्याला पाठवलेले पैसे करमुक्त असतात. पुतण्याने काकाला पाठवले तर तसे नाही, कारण काकाच्या यादीत भावाचा मुलगा बसत नाही. चुलत भावाचेही तेच. गावचे घर बांधून घेण्यासाठी काकांच्या खात्यात पैसे टाकणाऱ्या मुलाने हे ध्यानात ठेवायला हवे. वडील हयात असतील तर पैसे त्यांच्या नावे पाठवणे सरळ पडते.

पत्नीच्या बाबतीत आणखी एक नियम आहे. समजा, शारजातला कामगार महिन्याला ५०,००० रुपये पत्नीच्या खात्यात पाठवतो. वर्षाचे सहा लाख होतात. चार लाख घरखर्चाला आणि मुलांच्या शाळेला जातात, त्यावर काहीही कर नाही. उरलेले दोन लाख ती स्वतःच्या नावे ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकते. वर्षाचे १४,००० रुपये व्याज खाते तिचे असले तरी पतीच्या उत्पन्नात मिळवले जाते, कारण मूळ पैसा त्याने मोबदला न घेता दिलेला आहे. पतीचे भारतातले दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्यच राहतो. पण घरभाडे मिळत असेल आणि ठेवी वाढत गेल्या, तर एक दिवस ही बेरीज करमर्यादा ओलांडते.

तेच दोन लाख त्याने स्वतःच्या एनआरई खात्यातल्या ठेवीत ठेवले असते, तर व्याज पूर्ण करमुक्त राहिले असते आणि मूळ रक्कम हवी तेव्हा परत नेता आली असती. एनआरओ खाते वेगळे. ते भाडे, शेतमालाचे पैसे, जुन्या ठेवी अशा भारतातल्या उत्पन्नासाठी असते. त्यातल्या व्याजावर बँक आधीच ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर कापते, म्हणजे १४,००० पैकी ४,३६८ रुपये. करपात्र मर्यादेखालचे उत्पन्न असलेल्याला ते परत मिळतात, पण त्यासाठी विवरणपत्र भरावे लागते, आणि गावाकडचे अनेक जण ते भरत नाहीत. पासबुकात व्याजानंतर कराची कपात दिसली, तर पैसा चुकीच्या खात्यात पडून आहे हे समजावे.

हुंडीने आलेल्या पैशाला यातला कोणताच आधार नसतो. मुलाने पाठवले हे खरे असूनही बापाकडे दाखवायला पावती नसते. जमीन खरेदीच्या वेळी किंवा मोठी रोकड बँकेत भरताना आयकर विभागाने स्रोत विचारला आणि उत्तराला पुरावा जोडता आला नाही, तर ती रक्कम अघोषित उत्पन्न धरून जबर दराने कर लावला जातो. हुंडीत वाचलेले शुल्क त्यापुढे नगण्य असते. एक्स्चेंजची पावती आणि बँकेतली जमानोंद म्हणूनच वर्षानुवर्षे सांभाळावी लागते.

कायमचे परतल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलावे लागते आणि व्याजाची करमुक्ती तिथे थांबते. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला साधारण पहिली दोन-तीन वर्षे 'निवासी पण सामान्य निवासी नाही' हा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या ठेवींचे व्याज भारतात करपात्र नसते. भारतातले व्याज मात्र परतल्या दिवसापासून इतरांसारखेच मोजले जाते.