कोथिंबीर-पुदिना आठवडाभर ताजा कसा राहील?

गुरुवारच्या बाजारातून आणलेली कोथिंबीर पुढच्या शुक्रवारच्या बिर्याणीपर्यंत टिकत नाही, अशी आपल्या घरोघरची तक्रार असते. आम्हीही वर्षानुवर्षे जुडी आणली की लगेच धुऊन पिशवीत बांधून फ्रीजमध्ये टाकत होतो. चौथ्या दिवशी पाने काळी, चिकट. चूक धुण्यातच होती. पानांवर राहिलेल्या पाण्यानेच ती सडतात. पाणी हवे ते देठांना, पानांना नव्हे.

आता आम्ही जुडीची दोरी सोडून पिवळी, दबलेली पाने काढतो. कोथिंबिरीच्या मुळांची माती तेवढी धुतो. मुळे नसतील तर देठांची टोके कापतो. मग ग्लासात दोन बोटे पाणी घेऊन जुडी उभी ठेवतो, वरून पिशवी सैल पांघरतो आणि ग्लास फ्रीजच्या दारात ठेवतो. पाणी दर दोन दिवसांनी बदलतो.

पुदिन्याची पाने नाजूक. दबली की काळवंडतात. तो न धुता कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवावा. कापड ओलसर लागले की बदलावे.

सफरचंद, केळी शेजारी नकोत. त्यांच्या वायूने पाने पिवळी पडतात. बर्फाच्या कप्प्याला टेकलेली पानेही काळी होतात.

पाने नुसती मलूल झाली तर दहा-पंधरा मिनिटे थंड पाण्यात ठेवा, तरतरीत होतील. चिकट झालेली मात्र फेकाच. आणि धुवायचे ते वापरायच्या वेळी, लागेल तेवढेच.