शेवटचे वीस टक्के

सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात, बॉनेटखालून नुसती टकटक ऐकू येते. मेकॅनिक येतो, जम्पर लावून गाडी चालू करून देतो आणि अल्टरनेटर तपासतो, तर तो ठणठणीत निघतो. बॅटरीही फार जुनी नसते. मग त्याचा प्रश्न येतो, ‘‘गाडी रोज किती चालते?’’ कोथरूडहून डेक्कन, जेमतेम चार किलोमीटर, असं उत्तर मिळालं की त्याचं निदान पक्कं होतं : छोट्या फेऱ्यांमध्ये बॅटरी चार्ज होत नाही.

हे निदान बरोबर आहे. मात्र सेल्फ मारताना बॅटरी भरपूर रिकामी होते आणि पंधरा मिनिटांत ती तूट भरत नाही, हे त्याला जोडून दिलं जाणारं स्पष्टीकरण हिशेबात टिकत नाही. तो हिशेब करून पाहण्यासारखा आहे, कारण खरा खर्च कुठे होतो हे त्यातूनच उलगडतं.

लहान हॅचबॅक गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते असं धरू. म्हणजे ३५ अँपिअरचा प्रवाह ती ढोबळमानाने एक तास देऊ शकते. स्टार्टर मोटर सरासरी १५० अँपिअर ओढते, पण इंजिन धडधाकट असेल तर ती फिरते जेमतेम एक सेकंद. ३५ अँपिअर-तासांचे अँपिअर-सेकंद केले तर होतात १,२६,०००. त्यातून एका वेळी गेले १५०. म्हणजे साठ्याचा साधारण आठशेवा भाग. गाडी चालू झाल्यावर बॅटरीत ५ अँपिअर जरी परत जाऊ लागले, तरी ही उधारी अर्ध्या मिनिटात फिटते. सोसायटीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत सेल्फचा हिशेब चुकता झालेला असतो.

मग बॅटरी उतरते कशाने? पहिला खर्च गाडी उभी असतानाचा. आजच्या गाडीत किल्ली काढल्यावरही सगळं झोपत नाही. घड्याळ, चोरीविरोधी अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर, संगणकांची स्मृती हे सगळं मिळून काही मिलिअँपिअर सतत ओढत राहतं. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ते सर्वसाधारण समजलं जातं. ४० धरले तर चोवीस तासांत जवळजवळ एक अँपिअर-तास गेला. वरच्या हिशेबाने हा खर्च वीसपेक्षा जास्त वेळा सेल्फ मारण्याइतका आहे, आणि तोही गाडीला हात न लावता. शाळेबाहेर मुलांची वाट पाहत इंजिन बंद करून दहा मिनिटं गाणी आणि पंखा चालू ठेवला, तर आणखी पाऊण अँपिअर-तास सहज जातो. आणि हल्ली बसवून घेतात तो डॅशकॅमेरा पार्किंगमध्येही चालू राहणारा असेल, तर तो एकटाच २०० मिलिअँपिअर ओढू शकतो. म्हणजे दिवसाला जवळपास पाच अँपिअर-तास. अशा गाडीत बाकीचं काही शोधण्याआधी त्याची वायर काढून पाहावी.

डॅशकॅमेरा नसलेल्या आपल्या कोथरूडच्या गाडीचा रोजचा खर्च झाला साधारण दोन अँपिअर-तास. आता जमेची बाजू पाहू. जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा मिनिटं, एकूण अर्धा तास. अल्टरनेटरवर ७० अँपिअर लिहिलेलं असतं, तेव्हा अर्ध्या तासात दोन अँपिअर-तास ही किरकोळ गोष्ट वाटते. पण तो आकडा अल्टरनेटर वेगात फिरत असतानाचा. कर्वे रस्त्यावर सिग्नलला इंजिन मिनिटाला सातआठशे फेरे घेत असतं आणि तेव्हा अल्टरनेटर त्याच्या क्षमतेचा एक भागच देऊ शकतो. पावसाळ्यातली संध्याकाळ असेल तर हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर, काचेचा डिफॉगर आणि रेडिएटरचा पंखा एकाच वेळी चालू असतात, वर इंजिनाची स्वतःची गरज असते ती वेगळीच. ही सगळी मागणी भागवण्यातच अल्टरनेटर संपतो. बॅटरीच्या वाट्याला थोडंच उरतं, आणि कधी कधी उलट बॅटरीलाच हात द्यावा लागतो. येतानाची पंधरा मिनिटं अशी जमेतून वजा होतात.

जातानाची पंधरा मिनिटं तरी उपयोगाची आहेत. इथे मात्र खुद्द बॅटरीचा स्वभाव आड येतो. गाडीतली शिसे-आम्ल बॅटरी म्हणजे १८५९ साली फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी बनवलेल्या बॅटरीचीच सुधारलेली आवृत्ती, आणि तिचं रसायन आजही तेच आहे. वीज देताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, चार्ज होताना ते परत विरघळून शिसं, शिशाचं ऑक्साइड आणि गंधकाम्ल बनतं. अर्धी रिकामी बॅटरी भराभर प्रवाह घेते, कारण सल्फेट मुबलक असतं आणि हाताशी असतं. ती भरत जाते तसं सल्फेट कमी होतं, उरलेलं प्लेटांच्या सच्छिद्र पोटात खोलवर असतं आणि तिथून पदार्थांची ये-जा सावकाश चालते. अल्टरनेटरचा दाब मात्र १४ व्होल्टच्या आसपास बांधलेला असतो. त्यामुळे प्रवाह आपोआप घसरत जातो. अल्टरनेटर कितीही मोठा बसवला तरी बॅटरी तिला हवं तेवढंच घेते. पहिले ऐंशी टक्के एक-दोन तासांत भरतात, शेवटच्या वीस टक्क्यांना आणखी कित्येक तास लागतात.

या स्वभावामुळे एक गोष्ट घडते आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यातच आहे. छोट्या फेऱ्यांची बॅटरी रोज थोडी थोडी उतरत शून्यावर जात नाही. ती जितकी भरलेली, तितका कमी प्रवाह घेते. म्हणून ९५ टक्के भरलेली असताना अर्ध्या तासात तिच्यात दोन अँपिअर-तास जाऊच शकत नाहीत आणि ती खाली येऊ लागते. येता येता ती अशा पातळीला पोचते, जिथे अर्ध्या तासाची जमा आणि दिवसाचा खर्च सारखे होतात. आपल्या गाडीसाठी ही पातळी सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या आसपास धरायला हरकत नाही. तिथे ती महिनोन्‌महिने मुक्काम करते. गाडी रोज पहिल्या सेल्फला चालू होते, मालकाला शंकाही येत नाही. लाल रंगाचा बॅटरीचा दिवाही लागत नाही, कारण तो अल्टरनेटर वीज देतो की नाही एवढंच सांगतो. बॅटरी किती भरली आहे हे त्याला कळत नाही.

बॅटरी मरते ती या मुक्कामात. प्लेटांवर ताजं पडलेलं लेड सल्फेट अतिशय बारीक कणांचं असतं. ते लगेच चार्ज केलं तर सहज विरघळतं. आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर बसत जातात आणि जाड स्फटिक तयार होतात. पिठीसाखर पाण्यात क्षणात विरघळते आणि खडीसाखरेचा खडा तसाच पडून राहतो, तसं हे आहे. पदार्थ तोच, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग कमी. असा खडा झालेला भाग चार्जिंगच्या कामातून बाद होतो. उन्हात तापणाऱ्या बॉनेटखाली ही वाढ आणखी वेगाने होते. बॅटरीची क्षमता त्यामुळे आक्रसते आणि ती प्रवाह आणखी सावकाश घेऊ लागते. मग जमा-खर्चाची तोंडमिळवणी होण्याची पातळीच खाली सरकते, आणि खालच्या पातळीवर सल्फेट आणखी जास्त असतं.

यात आम्लाचीही भर पडते. चार्ज होताना प्लेटांमधून निघणारं ताजं आम्ल जड असतं आणि तळाशी बसतं. बॅटरी पूर्ण भरत आली की पाण्याचे वायू होऊन बुडबुडे उठतात, ते हे आम्ल ढवळून काढतात. छोट्या फेऱ्यांत ही अवस्था कधी येतच नाही. वर पातळ आणि खाली तीव्र आम्ल असे थर राहतात आणि प्लेटांचा खालचा भाग आधी बाद होतो. मग दिवाळीला चार दिवस गावी जाऊन आलं, जवळजवळ चार अँपिअर-तास गेले, की गाडी सेल्फ घेत नाही. दोष त्या चार दिवसांना दिला जातो.

हे आधी ओळखता येतं. साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजावं. चालवून आल्या आल्या मोजलं तर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा तात्पुरता चार्ज आकडा फुगवून दाखवतो. दरवाजा उघडला की संगणक जागे होतात, म्हणून बॉनेट आधीच उघडून ठेवून, गाडी पुन्हा लॉक करून अर्ध्या तासाने मोजलेलं बरं. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे अर्धी. सकाळी सतत १२.४ च्या आसपास दिसत असेल तर वर वर्णन केलेला मुक्काम चालू आहे असं समजावं. आम्लाचे थर झालेली बॅटरी मात्र या मोजमापाला फसवते, खऱ्यापेक्षा जास्त व्होल्ट दाखवते. म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून त्या क्षणी आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर आतून ताकद गेलेली आहे.

उपायांत एक लोकप्रिय उपाय निरुपयोगी आहे. पार्किंगमध्ये दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवणं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी हे चाललं होतं. आयडलिंगवर अल्टरनेटर सुस्त आणि वेळ अपुरा, त्यामुळे शेवटच्या वीस टक्क्यांना त्याने हातही लागत नाही. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन परत येणं, म्हणजे मोकळ्या रस्त्यावरचे तीनेक तास, यापेक्षा कितीतरी बरं. तरी पूर्ण चार्ज त्यातही होईलच असं नाही. खरं काम करतो तो भिंतीच्या प्लगवर चालणारा, टप्प्याटप्प्याने दाब बदलणारा चार-पाच अँपिअरचा चार्जर. महिन्यातून एकदा तो रात्रभर लावला तर ही बॅटरी तिचं पूर्ण आयुष्य जगू शकते. स्टार्ट-स्टॉपच्या गाड्यांत वेगळ्या जातीची बॅटरी असते, तिच्यासाठी चार्जरवर तो पर्याय आहे ना हे पाहून घ्यावं. आपल्या सोसायट्यांची अडचण अशी की पार्किंगमध्ये प्लगच नसतो. मग बॅटरी काढून घरात आणावी लागते आणि दहाएक किलोचं ते ओझं दर महिन्याला कुणी उचलत नाही. अशांनी निदान आठवडाभर गाडी उभी राहणार असेल तेव्हा ऋण टर्मिनल सोडवून ठेवावं, उभ्या गाडीचा खर्च तेवढा तरी थांबतो.

जम्पर लावून चालू केलेली गाडी तशीच डेक्कनला नेणं हे सर्वांत वाईट. बॅटरी जवळजवळ रिकामी, अल्टरनेटर पूर्ण भाराने तापतोय, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा इंजिन बंद. त्या दिवशी चार्जरच हवा. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून अर्धा दिवस ठेवल्यावरही आकडा १२.४ च्या वर टिकत नसेल तर खडे पक्के झालेत, ती बॅटरी बदलावी. नवी घेताना दुकानातच मल्टिमीटर लावायला सांगावा आणि तिच्यावरची बनवल्याची तारीख पाहावी. फळीवर पडून राहिलेली बॅटरीही आपोआप उतरते, आणि १२.४ ला विकत घेतलेली बॅटरी छोट्या फेऱ्यांच्या गाडीत कधीच वर चढत नाही.