खोक्यावर न छापलेला आकडा

गुंठा-दोन गुंठ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ठिबक संचाच्या खोक्यावर तीन वाक्यं हमखास असतात. ‘पाण्याची ५० टक्के बचत’, ‘विजेची गरज नाही’ आणि ‘अर्ध्या दिवसात स्वतः बसवा’. यातलं दुसरं वाक्य खरं आहे, तिसरंही बहुतेक वेळा खरं ठरतं. पहिलं खरं ठरायला मात्र एक आकडा लागतो, आणि तोच खोक्यावर सापडत नाही. टाकीतलं पाणी झाडाच्या बुडापेक्षा किती उंचीवर हवं, हा तो आकडा.

ठिबकचं आजचं तंत्र इस्रायलमध्ये सिमखा ब्लास यांच्या कामातून उभं राहिलं आणि १९६५ साली हात्सेरीम या किबुत्झमध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. ते पंपाच्या दाबावर चालायचं. त्यामुळे आजही दुकानदार ‘चार लिटरचा ड्रिपर’ म्हणतो तेव्हा त्याचा न बोललेला अर्थ असा असतो, की दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब मिळाला तर तासाला चार लिटर. लहान शेतकऱ्याकडे पंप नाही, दहा मीटरची टाकीही नाही. ही अडचण ओळखून अमेरिकेतल्या रिचर्ड चॅपिन यांनी मीटरभर उंचीवर टांगलेल्या बादलीवर चालणारा संच तयार केला. पुढे आयडीई या संस्थेने बादली आणि पिंपावर चालणारे संच भारतातही आणले. निमाडातल्या कापूस उत्पादकांनी तर कंपन्यांची वाट न पाहता पेप्सी, म्हणजे बर्फाची कांडी ज्यात भरतात ती पातळ प्लास्टिकची नळी, सरीत पसरली, तिला भोकं पाडली आणि काम भागवलं.

या सगळ्यांनी दाबाची भूक कमी केली, पण ती संपवली नाही. साध्या ड्रिपरमधला प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाब दहाव्या हिश्शावर आला तरी पाणी दहाव्या हिश्शावर येत नाही. चार लिटरचा ड्रिपर एक मीटर उंचीवर तासाला साधारण सव्वा लिटर देतो. हे वाईट नाही. थेंब सावकाश पडला तर भारी काळ्या जमिनीत पाणी वर न साचता बाजूला पसरतं.

आता एक गुंठा मिरचीचं उदाहरण घेऊ. दहा मीटर लांबीच्या दहा ओळी, ओळीत अर्ध्या मीटरवर एक झाड आणि प्रत्येक झाडाला एक ड्रिपर. एकूण दोनशे झाडं. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप मीटरभर उंच चौथऱ्यावर ठेवलंय. पिंपाची स्वतःची उंची नव्वद सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून भरलेल्या पिंपातल्या पाण्याची पातळी ड्रिपरपासून १.९ मीटर वर आणि रिकामं होताना फक्त एक मीटर वर. सुरुवातीला ड्रिपर तासाला पावणेदोन लिटर देतो आणि शेवटी सव्वा. सरासरी दीड लिटर धरली तर पिंप चाळीस मिनिटांत रिकामं होतं आणि प्रत्येक झाडाच्या वाट्याला एक लिटर येतं.

सुरुवातीला धार जोरात आणि शेवटी मंद, हे पाहून अनेकांना संच बिघडल्यासारखा वाटतो. पण त्यात काही बिघडलेलं नसतं. पातळी उतरते तेव्हा दोनशेही ड्रिपरचा प्रवाह एकदमच उतरतो, त्यामुळे वाटणी समान राहते. खरी भीती आहे ती एकाच क्षणी या झाडाला जास्त आणि त्या झाडाला कमी मिळण्याची. ती दोन वाटांनी येते: उतार आणि नळीची लांबी.

मोठ्या शेतातल्या संचाला दहा मीटरचा दाब असतो. तिथे जमीन तीस सेंटिमीटर उतरली तर तो तीन टक्क्यांचा फरक, कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या पिंपाला शेवटी मीटरभरच दाब उरतो. तिथे तेच तीस सेंटिमीटर म्हणजे तीस टक्के. वरच्या ओळीपेक्षा खालच्या ओळीला चौदा टक्के पाणी जास्त जातं. शिवाय पिंप रिकामं झाल्यावर नळ्यांत उरलेलं पाणीही खालीच उतरतं. म्हणून ओळी उताराला आडव्या हव्यात. जमीन ‘सपाटच आहे’ असं डोळ्यांना वाटलं तरी त्यावर विसंबू नये. गवंडी पातळी बघायला जी पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरतात, ती दहा मिनिटांत खरं काय ते सांगते.

लांबीचा हिशेब जास्त फसवा आहे. आतून दहा मिलिमीटर व्यासाच्या दहा मीटर नळीत वीस ड्रिपर असतील, तर घर्षणात जेमतेम दोन सेंटिमीटर दाब जातो. शेजारचे दोन वाफेही भिजावेत म्हणून तीच नळी तीस मीटर केली, तर ही घट पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास पोचते. लांबी तिप्पट, घट मात्र दहा पटींहून जास्त, कारण नळी वाढली की तिच्यातून जाणारं पाणीही वाढतं आणि दोन्हींचा गुणाकार होतो. ‘संच वाढवता येतो’ असं खोक्यावर लिहिणाऱ्याने नवी ओळ मुख्य नळीपासून काढा, जुनीच्या शेपटाला जोडू नका, एवढंही लिहायला हवं. ड्रिपरऐवजी केसासारख्या बारीक नळ्या असलेल्या संचात तर प्रवाह जवळजवळ दाबाच्या प्रमाणातच घटतो, त्यामुळे तिथे ही चूक आणखी महाग पडते.

आता ती ५० टक्क्यांची बचत. हा आकडा पाट पाण्याशी तुलना करून आलेला असतो. सरी भरून पाणी सोडलं की दोन ओळींमधली मोकळी जमीन भिजते आणि बरंचसं पाणी मुळांच्या खाली निघून जातं. ठिबक हे दोन्ही टाळतं. पण झाड पानांतून जे पाणी उडवतं ते ठिबकने कमी होत नाही, ते द्यावंच लागतं. आणि गुंठाभर मिरचीला बहुतेक घरांत पाट पाणी कधी दिलेलंच नसतं. घरची बाई तांब्याने एकेका झाडाच्या बुडाशी पाणी घालते. त्या पद्धतीशी तुलना केली तर बचत फार थोडी निघते. मिळतं ते वेगळं आणि कमी मोलाचं नाही: वाकून दोनशे झाडांपाशी जाणं वाचतं आणि रोज थोडं थोडं पाणी देता येतं. पण पिंप भरणं वाचत नाही.

ऐन उन्हाळ्यात, भरात आलेल्या मिरचीला दिवसाला सहा मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. झाडाच्या वाट्याला अर्धा चौरस मीटर, म्हणून झाडाला तीन लिटर आणि गुंठ्याला सहाशे. म्हणजे रोज तीन पिंपं. पंधरा लिटरच्या हंड्याने भरायची तर चाळीस हंडे, तेही डोक्याच्या वर उचलून ओतायचे. लहान रोपांना दिवसाला एक पिंपही पुरतं, म्हणून जानेवारीत घेतलेला संच झकास वाटतो आणि एप्रिलमध्ये अडगळीत जातो. दोष प्लास्टिकचा नसतो. पिंप भरणार कोण, हे विकताना कुणी विचारलेलं नसतं. विहिरीवरचा हातपंप किंवा पायपंप थेट पिंपात पाणी टाकत असेल, तरच हा संच एप्रिल काढतो.

संच नीट चालतोय की नाही, हे झाडं कोमेजण्याआधी कळू शकतं आणि त्याला सारखे बारा पेले पुरतात. ओळीच्या सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे असे मिळून बारा ड्रिपर निवडायचे, प्रत्येकाखाली छोटा खड्डा करून पेला ठेवायचा आणि पंधरा मिनिटांनी एकाच मापाने पाणी मोजायचं. समजा, बाराही पेल्यांची सरासरी ३६० मिलिलिटर आली आणि सर्वांत कमी भरलेल्या तीन पेल्यांची २५०. अडीचशेला तीनशे साठने भागलं की ६९ टक्के येतात. नव्वदच्या पुढे असेल तर उत्तम, ऐंशीपर्यंत चालतं, सत्तरच्या खाली गेलं की हात घालायला हवा. कारण त्या तीन उपाशी झाडांना तीन लिटर पोचवायचे तर सरासरी झाडाला ४.३ लिटर द्यावे लागतात आणि सहाशेऐवजी ८६० लिटरच्या वर पाणी जातं. छापील बचत संपते ती इथे.

कमी भरलेले पेले कुठले, हे आणखी महत्त्वाचं. ते सगळे ओळींच्या शेवटाला असतील तर नळी लांब झालीय. सगळे वरच्या अंगाला असतील तर उतार. इकडे तिकडे विखुरलेले असतील तर ड्रिपर तुंबलेत. अशा वेळी तोंडाशी पांढरा थर दिसला तर तो जड पाण्यातला चुना, आणि तपकिरी बुळबुळीत दिसलं तर लोह. पिंपात हिरवा गाळ असेल तर ऊन आत शिरतंय, तिथे गडद रंगाचं आणि झाकणाचं पिंप लागतं. सगळेच पेले सारखे पण अर्धे भरले असतील तर ड्रिपरला दोष देऊ नये. फिल्टरची जाळी भरलेली असते. पंपाचा दाब मळक्या जाळीतूनही पाणी ढकलून नेतो, मीटरभर पाण्याला ते जमत नाही.

एवढं माहीत असलेल्या माणसाने खोक्यावरचा मजकूर लिहिला, तर तो काहीसा असा होईल. विक्री विभागाला तो आवडण्याची शक्यता कमी आहे.

‘एक गुंठा भाजीपाल्यासाठी. २०० ड्रिपर, दहा मीटरच्या १० नळ्या. पिंप संचासोबत मिळत नाही.

पिंपाचा तळ जमिनीपासून एक मीटर उंच हवा. भरलेल्या पिंपाचं वजन दोनशे किलोच्या वर जातं, म्हणून चौथरा दगड-विटांचा बांधा, लाकडी स्टुलावर ठेवू नका.

नळ्या उताराला आडव्या टाका. कुठलीही नळी दहा मीटरपेक्षा लांब करू नका.

एक पिंप म्हणजे झाडाला एक लिटर. रोपं लहान असताना रोज एक पिंप, ऐन उन्हाळ्यात रोज तीन. एवढं पाणी पिंपात चढवायची सोय नसेल तर अर्ध्याच गुंठ्यावर संच लावा, उरलेल्या नळ्या गुंडाळून सावलीत ठेवा.

जाळी दर दोन दिवसांनी धुवा. आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या. महिन्यातून एकदा बारा पेल्यांची चाचणी घ्या, कृती झाकणाच्या आतल्या बाजूला छापली आहे. सोबत दहा सुटे ड्रिपर आणि एक जादा जाळी दिली आहे.’