अल्सरची कड

साठीतले एक गृहस्थ सहा महिने पित्ताच्या गोळ्यांवर होते. वजन आठ किलो उतरलं, तेव्हा दुर्बिणीने तपासणी झाली आणि जठरात अल्सर दिसला. अशा वेळी एक तुकडा पुरत नाही. सहा ते आठ घ्यावे लागतात, तेही मुख्यतः कडेचे, कारण मधोमध बरेचदा मृत पेशीच हाती लागतात. अहवालात कॅन्सर निघाला; शेजारच्या अस्तरात हेलिकोबॅक्टर जंतूही. हा जंतू वर्षानुवर्षं अस्तर सुजवतो, झिजवतो. लागण झालेल्या बहुतेकांना मात्र कॅन्सर होत नाही.

सीटी स्कॅन स्वच्छ होता. तरी आधी लॅपरोस्कोपी केली, तर पोटाच्या आवरणावर साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे! एवढे बारीक दाणे सीटीला बहुधा दिसत नाहीत. जठर काढण्याची मोठी शस्त्रक्रिया थांबवून केमोथेरपी सुरू झाली.

वजन घटत असेल, तर गोळ्यांवर दिवस काढू नका.