डिटेल बी, स्केल १:१

टेम्पोतून चाळीस दारं उतरली तेव्हा मी खूश होते. नोकरीला लागून आठ महिने झाले होते आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने काढलेलं हे माझं पहिलं ड्रॉइंग. भोसरीतली आमची छोटी कंपनी. काम इलेक्ट्रिकल कंट्रोल बॉक्सचं. त्या बॉक्सचं ४०० बाय ३०० मिलिमीटरचं दार, १६ गेज सीआरसीए पत्र्यातून लेसरवर कापायचं, कडा वाकवायच्या आणि वर आरएएल ७०३५ म्हणजे फिकट राखाडी पावडर कोटिंग. रंग छान बसला होता, कडा सरळ होत्या, बिजागऱ्यांची भोकंही जागच्या जागी.

दुपारी असेंब्लीतले काका एक दार आणि मॅग्नेटिक कॅचची पट्टी घेऊन माझ्या टेबलापाशी आले. बॉक्सच्या आत चुंबक बसतं आणि दाराच्या आतल्या अंगाला लोखंडी पट्टी. दार लावलं की टक् आवाज येतो तो या दोघांचा. पट्टीला दोन भोकं असतात, एकमेकांपासून २५ मिलिमीटरवर. काकांनी पट्टी दारावर ठेवली. दाराची भोकं पट्टीच्या दोन्ही टोकांबाहेर डोकावत होती.

"मॅडम, ही पट्टी याची नाही का?"

पट्टी त्याचीच होती. मी व्हर्नियर घेतला. दोन भोकांमधलं अंतर मोजायचं तर केंद्रावर टोक टेकवता येत नाही, म्हणून दोन्ही भोकांच्या बाहेरच्या कडा धरायच्या आणि भोकाचा एक व्यास वजा करायचा. बाहेरून बाहेर ५४.५ आले, भोक ४.५ चं. म्हणजे अंतर ५०. दुसरं दार घेतलं, ५०. ढिगाच्या तळातलं ओढून काढलं, तेही ५०.

मनात पहिला विचार आला तो वर्कशॉपवाल्याला फोन लावून झापायचा. शेजारच्या टेबलावरचे आमचे सीनियर सर एवढंच म्हणाले, "चाळीसच्या चाळीस सारखीच चुकलीत ना? मग मशीनवर जाऊ नकोस. आधी कागद बघ."

त्यांच्या म्हणण्यात अर्थ होता. हत्यार झिजलं, पत्रा सरकला, माणूस दमला की चूक कमीजास्त होते, एका दाराला ०.३, दुसऱ्याला ०.८. सगळीकडे माप तेवढ्याच मिलिमीटरने वाढलं किंवा कमी झालं असेल, तर बहुतेक वाकवण्याचा हिशोब चुकलेला असतो. पण माप बरोब्बर दुप्पट किंवा निम्मं आलं, म्हणजे चूक गुणाकारात असेल, तर कुणीतरी कुठेतरी स्केल चुकवलेलं असतं.

ड्रॉइंगमधलं स्केल म्हणजे काय ते इथे सांगायला हवं. १:२ मध्ये पहिला आकडा कागदाचा आणि दुसरा खऱ्या वस्तूचा. कागदावर १ मिलिमीटर म्हणजे दारावर २. माझं दार ४०० रुंद होतं आणि ए-३ कागदावर २०० चं काढलं होतं. २:१ म्हणजे उलटं, कागदावर चित्र दुप्पट मोठं. बारीक जागा नीट दिसावी म्हणून तिच्याभोवती गोल करून ती बाजूला मोठी काढतात, त्याला आम्ही डिटेल म्हणतो. आयएसओ ५४५५ या मानकानुसार मुख्य स्केल शीर्षकाच्या चौकटीत लिहायचं आणि एखाद्या डिटेलचं स्केल वेगळं असेल तर ते त्या डिटेलच्या अक्षराशेजारी. कॅचची ती दोन भोकं माझ्या ड्रॉइंगमध्ये "डिटेल बी, स्केल १:१" अशा नावाखाली होती.

मी ड्रॉइंगची प्रिंट काढली आणि स्टीलची पट्टी लावली. भोकांमधलं अंतर ३५ च्या जरा पुढे भरलं.

आता माझ्यापुढे तीन आकडे होते. मॉडेलमध्ये २५, दारावर ५०, कागदावर ३५. या घोळात मी दहा मिनिटं अडकले, आणि आज वाटतं त्या दहा मिनिटांत मला स्केल खरोखर कळलं. कॉलेजात कागदावर नुसते प्रश्न सोडवले होते.

गाठ सुटली ती भोकाने. त्याच डिटेलमध्ये भोकाचा व्यास ४.५ असा लिहिलेला होता, आणि दारावरही तो ४.५ च आला होता. म्हणजे तो आकडा बरोबर. मग कागदावर तेच भोक किती मोठं दिसतंय ते मोजलं तर साडेसहाच्या किंचित आत. ६.४ भागिले ४.५ म्हणजे साधारण १.४. कागदावरचे ३५ या १.४ ने भागले की उत्तर २५ येतं. चित्र बरोबर होतं. माझ्या हातातला कागद मात्र ना १:१ होता ना २:१.

हा १.४ आला कुठून? ऑफिसच्या प्रिंटरमध्ये ए-४ कागद होता आणि ड्रॉइंग ए-३ चं. ए-३ म्हणजे २९७ बाय ४२०, ए-४ म्हणजे २१० बाय २९७. मोठं पान लहान कागदावर बसवताना प्रिंटर सगळं ७१ टक्के करून टाकतो आणि कुणाला विचारत नाही. मूळ डिटेल दुप्पट, त्याचे ७१ टक्के म्हणजे १.४. पुन्हा ए-३ वर पूर्ण आकाराची प्रिंट काढली. भोक ९ भरलं, अंतर ५०. म्हणजे डिटेल बी खरं तर २:१ होतं आणि त्याच्याखाली मी लिहिलं होतं १:१.

नकाशे काढणाऱ्यांना ही अडचण फार आधीपासून ठाऊक आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर १:५०,००० लिहिलेलं असतं, आणि त्याशिवाय खाली किलोमीटरच्या खुणा केलेली एक आडवी पट्टीही छापलेली असते. नकाशाची झेरॉक्स लहान काढली की १:५०,००० हा आकडा खोटा पडतो, पण पट्टी नकाशाबरोबरच आकसते आणि खरी राहते. माझ्या डिटेलमध्ये त्या पट्टीचं काम ४.५ च्या भोकाने केलं. कुठल्याही ड्रॉइंगच्या स्केलबद्दल शंका आली तर त्याच चित्रातलं लिहिलेलं एखादं माप शोधायचं, ते पट्टीने मोजायचं आणि मोजलेल्याला लिहिलेल्याने भागायचं. आलेला आकडा म्हणजे त्या कागदाचं खरं स्केल.

चूक झाली कशी, तेही फाइलच्या जुन्या प्रतींमधून सापडलं. पहिल्या प्रतीत डिटेल बी १:१ च होतं. बाण एकमेकांवर चढत होते म्हणून मी ते पुसून नवीन, दुप्पट मोठं डिटेल काढलं. सॉफ्टवेअर डिटेलखाली स्केल आपोआप लिहितं आणि बदललं तर आपोआप सुधारतं. पण त्या अक्षरांचा आकार मला आवडला नव्हता, म्हणून मी ते काढून टाकून हाताने टाइप केलं होतं. हाताने टाइप केलेला मजकूर कशाला जोडलेला नसतो, तो जिथे होता तिथेच राहिला. शिवाय डिटेल पुसलं तेव्हा त्याच्यावरची मापंही गेली. मी ती पुन्हा टाकली, कडेपासूनचं अंतर, व्यास, सगळी. २५ तेवढं राहून गेलं.

नुसतं स्केल चुकलं असतं तर काही बिघडलं नसतं, हे इथे लक्षात घ्यायला हवं. २५ लिहिलेलं असतं तर पट्टी कुणी लावली असती? ड्रॉइंगच्या चौकटीत छापलेलंच असतं की चित्रावरून माप घेऊ नका, लिहिलेलं मापच धरा. आणि २५ राहून गेलं तरी खालची नोंद बरोबर असती, तर मोजलेले ५० निम्मे करून माप बरोबर निघालं असतं. दोन्ही चुका एकाच जागी, एकाच संध्याकाळी झाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांबरोबर वर्कशॉपमध्ये गेले. आम्ही त्यांना फक्त पीडीएफ पाठवलं होतं, त्यावरून त्यांच्या मुलाने कापण्यासाठी आकृती नव्याने काढली होती. माप दिसलं नाही म्हणून स्क्रीनवरच पीडीएफमध्ये मोजलं, ५० आले, खाली १:१ लिहिलेलं. भोक ९ दिसत असताना ४.५ लिहिलंय, हे त्याच्याही नजरेतून सुटलं.

"माप नाही म्हटल्यावर काम थांबवायचं, फोन करायचा," सर म्हणाले.

"साहेब, फोन केला असता तर मॅडम म्हणाल्या असत्या, खाली स्केल लिहिलंय ना," मालक म्हणाले.

खरं सांगते, मी तसंच म्हणाले असते.

चाळीस दारं भंगारात घालायला कुणीच तयार नव्हतं. २५ वर नवी भोकं पाडली तर जुनी भोकं दाराच्या दर्शनी बाजूला उघडी राहणार, आणि रंग झालेल्या पत्र्याला वेल्डिंगने बुजवायचं तर रंग पुन्हा. शेवटी मालकांनीच तोडगा काढला. ३ मिलिमीटर जाडीची, ७० लांबीची एक छोटी पट्टी, तिला ५० वर दोन आणि त्यांच्या मध्ये २५ वर दोन अशी चार एम-४ आट्यांची भोकं. बाहेरून दोन स्क्रू आले की पट्टी दाराच्या आत घट्ट बसते, आणि कॅचची लोखंडी पट्टी तिच्यावर. कॅचचे स्क्रू मात्र आखूड हवेत, जास्त लांब असले तर मागून दारालाच टेकतात. शिवाय सगळं ३ मिलिमीटर पुढे आलं, म्हणून बॉक्समधलं चुंबक लांबट खाचेतून तेवढंच मागे सरकवलं. मजुरी त्यांनी सोसली, पट्ट्यांचं लोखंड आणि स्क्रू आमच्याकडून. दर्शनी बाजूने बघितलं तर दोन स्क्रू दिसतात, त्यांच्यात २५ चं अंतर असायला हवं होतं हे कुणाला कळणार?

ड्रॉइंगची बी आवृत्ती निघाली. तिच्या बदलांच्या रकान्यात मी लिहिलं, "डिटेल बी: स्केल १:१ ऐवजी २:१ केले, २५ माप घातले." सरांनी सही करण्याआधी आणखी एक ओळ घालायला लावली, "अनुक्रमांक १ ते ४० ची दारं जुन्या अंतराची, जोडपट्टीसह." मला ते चारचौघांत नाव घेतल्यासारखं वाटलं. नाराजीनेच टाइप केलं.

तीन वर्षांनी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. फोर्कलिफ्टचा धक्का लागून बॉक्सचं दार वाकलं होतं, नवं हवं होतं. कॅच आणि पट्टी शाबूत आहेत, फक्त पत्र्याचं दार पाठवा, म्हणाले. सरांनी तेव्हा कंपनी सोडली होती. मी ड्रॉइंग उघडलं, बदलांचा रकाना वाचला आणि विचारलं, "बॉक्सच्या पाटीवर अनुक्रमांक काय आहे?"

ते चष्मा शोधत होते बहुतेक. मग म्हणाले, "सदतीस."