इंटर्नशिपची मुलाखत : थोड्या ज्ञानाची नीट मांडणी

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातून फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वा मये येथील सरकारी तंत्रनिकेतनात शिकणारा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पहिल्या इंटर्नशिपसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्या रेझ्युमेमध्ये अनुभवाचा रकाना बहुधा रिकामाच असतो. ॲरे, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू आणि हॅश टेबलची तोंडओळख एवढीच त्याची शिदोरी. मुलाखत घेणाऱ्यालाही हे ठाऊक असते. म्हणून तो सहसा एकच लहान प्रश्न देतो आणि विद्यार्थी उत्तरापर्यंत कसा पोहोचतो, ते पाहतो. तयारी करायची ती या वाटचालीची.

एक नेहमीचा प्रश्न घेऊ. संख्यांची यादी दिली आहे. त्यांतील कोणत्या दोन संख्यांची बेरीज ठरावीक संख्येइतकी होते, ते शोधा. यादी ८, ३, ११, ५ आणि हवी असलेली बेरीज १६.

लगेच कोड लिहू नये. आधी विचारावे : यादी क्रमवार लावलेली आहे का? तीच संख्या दोनदा येऊ शकते का? जोडी नसेलच तर काय परत द्यायचे? या प्रश्नांमुळे वेळ वाया जात नाही. उलट पुढील चुका टळतात.

त्यानंतर सर्वांत साधी रीत सांगावी : प्रत्येक संख्या तिच्यानंतरच्या प्रत्येक संख्येशी जुळवून पाहणे. ती बरोबर आहे, पण संथ आहे. एक हजार संख्यांच्या यादीत ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागू शकतात. हा हिशेब स्वतःहून मांडला, की सुधारणेची वाट आपोआप उघडते. प्रत्येक संख्येला किती कमी पडते ते काढायचे आणि ती उणीव आधी पाहिलेल्या संख्यांत आहे का, हे हॅश टेबलवर आधारलेल्या संचाला विचारायचे.

```python
def find_pair(a, target):
    seen = set()
    for x in a:
        if target - x in seen:
            return (target - x, x)
        seen.add(x)
    return None
```

आता हाताने पडताळणी. ८ ला ८ हवे, संच रिकामा आहे. ८ संचात टाकला. ३ ला १३ हवे, नाही. ११ ला ५ हवे, अजून नाही. ५ ला ११ हवे. तो संचात आहे. उत्तर ११ आणि ५.

अनेकांची चूक इथेच होते. तपासण्याआधीच संख्या संचात टाकली, तर पहिल्याच पायरीला ८ ला स्वतःचाच ८ सापडतो आणि उत्तर ८ व ८ असे चुकीचे येते. ही चूक कोडकडे नुसते पाहून सहसा दिसत नाही. कागदावर एकेक पायरी चालवली की दिसते. शेवटी या रीतीची किंमतही सांगावी : यादी एकदाच वाचावी लागते, पण संचासाठी जादा स्मृती लागते. यादी क्रमवार असती, तर दोन टोकांकडून आत सरकत जाऊन ती स्मृतीही वाचली असती.

दुसरा प्रश्न बहुधा प्रकल्पाचा असतो. तो लहान असला तरी चालतो. समजा, पेडण्याहून पणजीला जाणारी पुढची बस दाखवणारा छोटा प्रोग्राम केला आहे आणि त्यात बस सुटण्याच्या ४० वेळा क्रमाने साठवल्या आहेत. बायनरी सर्चने सहा तुलनांत पुढची बस सापडते. मात्र चाळीसच नोंदींसाठी सरळ शोधही पुरेसा जलद असतो, हे मोकळेपणाने सांगावे. साधन केव्हा लागते आणि केव्हा लागत नाही, हे कळल्याची ती खूण आहे. शेवटची बस सुटून गेल्यानंतर प्रोग्राम काय दाखवतो, हेही विचारले जाईल. दुसऱ्या दिवसाची पहिली बस दाखवायची असेल, तर तशी तरतूद कोडमध्ये आधीच हवी. जे स्वतः लिहिलेले नाही आणि समजावता येत नाही, ते रेझ्युमेमध्ये घालू नये. पुढच्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

राहिला बोलण्याचा सराव. घरी कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुलांची अडचण पुष्कळदा तर्काची नसून इंग्रजीत मोठ्याने विचार करण्याची असते. प्रत्येक प्रश्न आधी आपल्या भाषेत समजावून सांगावा, मग आखूड इंग्रजी वाक्यांत. ऐकणारा मित्र मध्ये ‘का?’ विचारणारा असावा. शंभर प्रश्नांची उत्तरे वाचण्यापेक्षा असे दहा प्रश्न कागदावर सोडवून, बोलून आणि कडेच्या बाबी तपासून पूर्ण केलेले बरे. त्या कडेच्या बाबी म्हणजे रिकामी यादी, एकच संख्या, सारख्या संख्या आणि उत्तरच नसणे. मुलाखतीत अडल्यास गप्प न बसता आपण कुठे अडलो ते सांगावे. म्हणजे मुलाखतकाराला सूचना देता येते. ती सूचना घेऊन पुढे जाणे हाही त्या परीक्षेचाच भाग असतो.