न वाळलेला टॉवेल आणि गालावरच्या पुळ्या

धामापुरात नवरीचा मेकअप करताना हल्ली एकच तक्रार ऐकते: "ताई, क्रीम बदलली तरी पुळ्या जात नाहीत."

मी आधी टॉवेलबद्दल विचारते. आपल्याकडे पावसात तो दोन-दोन दिवस दमटच असतो आणि ओलीत जंतू वाढतात. तोंडाचा छोटा टॉवेल वेगळा ठेवा, दोन-तीन दिवसांनी धुवा, पंख्याखाली पसरून वाळवा. कुबट वास आला की लगेच बदला.

उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा बदला. रात्री डोक्याला खोबरेल लावत असाल तर दोनदा, कारण तेच तेल कपाळावर येऊन छिद्रं बुजवतं.

फोन रोज पुसा, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने. एकाच गालावर पुळ्या असतील तर इअरफोन लावून बघा. फोनचं घासणं आणि दाबही त्रास देतो.

फाउंडेशनचा ब्रश आठवड्याला सौम्य शाम्पूने धुवा आणि आडवा वाळवा. उभा ठेवला तर पाणी दांड्यात उतरतं, गोंद सुटतो, केस गळतात.

हनुवटीवर दर पाळीआधी येणाऱ्या पुळ्या मात्र बहुधा हार्मोन्सच्या. दुखऱ्या गाठी असतील किंवा दीड-दोन महिन्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

काही विचारायचं असेल तर खाली लिहा.